गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल : ग्रेड कसा ओळखायचा, किती भरायचं आणि ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ यावर किती विसंबायचं

मागच्या चाकांना ताकद देणारी, पाच गिअरची एक गाडी माझ्याकडे नऊ वर्षं आहे. १,१०,००० किलोमीटर झाले तेव्हा सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना दुसरा गिअर खरखरायला लागला. दहा मिनिटं चालली की खरखर थांबायची. पाचव्या गिअरमध्ये बारीक, सुरात ओरडल्यासारखा आवाज येत होता, तो गाडी तापल्यावरही जात नव्हता. गाडीच्या पुस्तकात इंजिन ऑइलचं वेळापत्रक होतं आणि डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या, ऑइलचंही होतं. गिअरबॉक्ससमोर मात्र एवढंच छापलेलं होतं, की हा ‘सील्ड फॉर लाइफ’ आहे, ऑइल बदलण्याची गरज नाही.

त्या ओळीवर विसंबून नऊ वर्षं मी गिअरबॉक्सचा प्लग उघडून पाहिला नाही. उघडला तेव्हा जे दिसलं त्यावरून हा लेख लिहितो आहे. हाताने गिअर बदलायच्या गाड्यांपुरतंच बोलतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ते भरायची पद्धत, दोन्ही वेगळं असतं. इथले आकडे तिथे लावू नका.

आधी ग्रेड

डब्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा झाला. जीएल-४ किंवा जीएल-५ ही एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची प्रतवारी झाली. दातांवर भार आणि घासणं सोसण्यासाठी ऑइलमध्ये कोणती आणि किती रसायनं घातली आहेत, याचा अंदाज तिच्यावरून येतो. दाटपणा बरोबर आणि प्रतवारी चुकीची असली, तरी ऑइल चुकीचंच.

दाटपणाच्या आकड्याने बरेचजण फसतात. ९० हा आकडा बघून वाटतं, की हे इंजिनच्या ४० नंबर ऑइलपेक्षा दुपटीने दाट असणार. तसं नाही. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्याच निराळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला मोजलं, तर गिअर ऑइलचा ९० हा इंजिन ऑइलच्या ४० आणि ५० यांच्या आसपास येतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत कमी आखडतं. ७५डब्ल्यू आणि ८०डब्ल्यू यांतला फरक सकाळच्या पहिल्या दोन-चार गिअरमध्ये हाताला कळतो, गाडी तापल्यावर फारसा कळत नाही.

खरा घोटाळा जीएल-४ आणि जीएल-५ यांत होतो. दुकानात सहज ऐकायला मिळतं, की ५ म्हणजे ४ च्या पुढचं, म्हणजे चांगलंच. तसं का नाही, ते समजण्यासाठी डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स या दोन्हींच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन हे एकमेकांत दात गुंतलेले मोठा आणि लहान गिअर असतात. मागच्या चाकांच्या बहुतेक गाड्यांत पिनियनचा अक्ष क्राउनच्या अक्षाच्या थोडा खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. एवढ्या दाबाखाली घासताना ऑइलचा थर तुटतो आणि लोखंड लोखंडाला चिकटायला बघतं. तिथे गंधक आणि फॉस्फरस असलेली रसायनं कामाला येतात. तापलेल्या जागी ती धातूच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करतात. झिजायचा तो थर झिजतो, दात वाचतो. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ भरलं, तर चढावर किंवा ओझं घेऊन जाताना दातांवर ओरखडे पडायला लागतात आणि ते परत भरून येत नाहीत.

गिअरबॉक्सची गरज वेगळी. गिअर टाकताना सिंक्रोची रिंग, जी बऱ्याच गाड्यांत पितळेची असते, गिअरच्या पोलादी शंकूवर घासते आणि दोघांचा वेग जुळवते. म्हणजे तिथे घर्षण हवंच असतं. रिंगला मधला ऑइलचा थर कापून शंकू पकडावा लागतो. जीएल-५ ची रसायनं ती पकड ढिली करू शकतात. वेग जुळायच्या आत दात दातांवर आपटतात आणि खरखर ऐकू येते. दुसरा धोका पितळेला. गंधक गरम असताना तांबं असलेल्या धातूंवर चढतं. आजकालच्या चांगल्या जीएल-५ ऑइलमध्ये ते रोखणारी रसायनं असतात, त्यामुळे हा धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. घर्षणाचा प्रश्न मात्र तसाच आहे.

म्हणून माझ्या गाडीच्या पुस्तकात एकाच गाडीसाठी दोन ऑइलं लिहिलेली होती : गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ आणि डिफरन्शियलला ८०डब्ल्यू-९० जीएल-५. एकच मोठा कॅन आणून दोन्हीकडे ओतायचा मोह होतो. तो टाळा.

पुढच्या चाकांच्या ज्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, त्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि त्याचे दात साधे तिरके असतात, हायपॉइड नसतात. तिथे दोघांचं मिळून एकच ऑइल असतं आणि जीएल-५ ची गरज पडत नाही. काही हातगिअरच्या गिअरबॉक्सना गिअर ऑइल लागतच नाही. कुणाला ऑटोमॅटिकचं पातळ एटीएफ लागतं, काही जुन्या गाड्यांना इंजिन ऑइल, तर काहींना एमटीएफ, म्हणजे हातगिअरसाठी कंपनीने ठरवलेलं खास ऑइल. अशा गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं ऑइल घातलं, की थंडीत गिअर पडायला नाही म्हणतो. त्यामुळे ‘गिअरबॉक्स आहे म्हणजे ९० नंबर’ असा अंदाज करू नका. पुस्तकात काय लिहिलं आहे ते शब्दशः उतरवून घ्या. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेले असतील, तर तुमच्या गिअरबॉक्सचा स्पेसिफिकेशन क्रमांक त्या डब्यावर आहे का ते पाहा. नसेल, तर मी तो डबा घेत नाही.

मागच्या डिफरन्शियलमध्ये लिमिटेड स्लिपच्या, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देणाऱ्या, क्लच प्लेटा असतील, तर त्यासाठी वेगळं अॅडिटिव्ह लागतं. ते कधी ऑइलमध्येच असतं, कधी बाटलीतून वेगळं घालावं लागतं. ते नसेल, तर वळणावर मागून कटकट ऐकू येते.

‘सील्ड फॉर लाइफ’ म्हणजे कुणाचं आयुष्य

हा दावा निव्वळ थाप आहे, असं मी म्हणणार नाही. त्यामागे खरं कारण आहे. गिअरबॉक्समध्ये पेट्रोल-डिझेल जळत नाही, त्यामुळे इंजिन ऑइलसारखी काजळी आणि इंधन त्यात मिसळत नाही. तापमानही सहसा कमी राहतं. चांगलं सिंथेटिक ऑइल हलक्या वापरात खरोखर फार टिकतं.

पण ‘लाइफ’ या शब्दाची व्याख्या पुस्तकात नसते. गाडी किती वर्षं, किती किलोमीटर चालेल असं बनवणाऱ्याने धरलं, तेवढंच ते आयुष्य. तुम्ही गाडी त्याच्या पुढे वापरणार असाल, तर त्या पुढच्या काळाबद्दल कुणी काही वचन दिलेलं नाही. शिवाय वेळापत्रकातून एक काम गळलं, की गाडी सांभाळायचा खर्च कागदावर कमी दिसतो. पहिल्या मालकाला याचा फायदा होतो, तिसऱ्या मालकाला नाही.

झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी जर्मन कंपनी. तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीत अनेक गाडी कंपन्या ‘लाइफटाइम फिल’ म्हणत आल्या. स्वतः झेडएफ मात्र त्याच गिअरबॉक्सचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला, असं सांगते. उदाहरण ऑटोमॅटिकचं आहे, आकडा आपल्याला लागू नाही. पण ज्याने वस्तू घडवली आणि ज्याने ती गाडीत बसवून विकली, ते दोघे एकाच ऑइलबद्दल वेगळं सांगतात, एवढं त्यातून घ्यावं.

माझ्या मते मोठी अडचण ‘सील्ड’ या पहिल्या शब्दात आहे. गिअरबॉक्स सील्ड नसतोच. त्यावर ब्रीदर असतो, म्हणजे आतली हवा तापून फुगली की बाहेर सोडणारं छोटं तोंड. पुढे इनपुट शाफ्टचं सील, मागे आउटपुटचं, वर गिअर लिव्हरच्या दांड्याचं. ही सगळी रबराची सीलं वर्षांगणिक कडक होतात. महिन्याला चमचाभर ऑइल झिरपलं, तरी खाली डाग पडत नाही, धूळ त्यावर बसून फक्त एक काळपट थर होतो. इंजिनला डिपस्टिक असते, या गिअरबॉक्सना बहुधा नसते. उघडायचंच नाही असं ठरवलं, की ऑइल किती उरलं आहे हे कुणी बघतच नाही. ऑइल जुनं होण्याच्या आधी ते कमी झाल्याने मरणारे गिअरबॉक्स मला जास्त दिसतात.

उरलेली कारणं थोडक्यात. हातगिअरच्या गिअरबॉक्समध्ये सहसा फिल्टर नसतो. नव्या दातांची पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये झालेली झीज त्याच ऑइलमध्ये फिरत राहते, चुंबक असेल तर तेवढीच पकडली जाते. ७५डब्ल्यू-९० सारख्या मल्टिग्रेड ऑइलमध्ये दाटपणा राखणारी लांब साखळ्यांची रसायनं असली, तर ती दातांच्या चेपण्यात तुटत जातात आणि ऑइल पातळ होतं. गाडी पाण्यातून गेली, की तापलेलं डिफरन्शियल एकदम थंड पडतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुडालेला असेल तर तो पाणी आत ओढतो. शिवाय ऑइल जितकं तापेल, तितकं लवकर जुनं होतं. ढोबळ हिशेब असा, की दर १० अंशांना ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट.

पुस्तकाची मागची पानंही चाळा. ‘खडतर वापर’ अशा मथळ्याखाली ओझं ओढणं, डोंगरातला रस्ता, पाण्यातून जाणं यांसाठी कधीकधी त्याच ऑइलची बदलायची मुदत छापलेली सापडते. आणि गिअरबॉक्सच्या खाली ड्रेन प्लग आहे का ते पाहा. असेल, तर ज्याने तो घडवला त्याला हे ऑइल कधीतरी काढावं लागेल हे माहीत होतं.

साध्या वापरात मी स्वतः ८०,००० किलोमीटर किंवा सात वर्षं, जे आधी येईल ते, हे अंतर धरतो. पातळी मात्र दर दोन वर्षांनी बघतो. बदलण्यापेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

काम कसं केलं

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणली. उभी ठेवून इंजिन चालू ठेवल्याने गिअर ऑइल नीट तापत नाही, ते दातांनी घुसळल्यावरच तापतं. मग गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. चारही बाजू सारख्या उचलायचं कारण आणखी एक आहे, ते पातळी बघताना येईल.

सगळ्यात पहिला नियम : आधी फिलर प्लग सोडवायचा, मग ड्रेन प्लग. फिलर प्लग वर्षानुवर्षं न उघडल्याने गंजून अडकलेला असतो. ड्रेन आधी सोडला, ऑइल सगळं खाली आलं आणि मग कळलं की भरायचा प्लग सुटतच नाही, तर गाडी तिथेच अडकली. आधी ब्रशने आजूबाजूची धूळ साफ केली, नाहीतर ती भोकातून आत जाते. प्लग चौकोनी किंवा षट्कोनी खड्ड्याचा असेल, तर मापाचाच पाना पूर्ण आत बसवा, सैल पान्याने कोपरे गोल होतात.

निथळलेलं ऑइल मी मापाच्या भांड्यात घेतलं. हे करायला लोक विसरतात आणि सगळ्यात मोलाची माहिती तिथेच हातातून जाते. पुस्तकात ऑइल बदलताना लागणारं प्रमाण २.० लिटर होतं. वीस मिनिटं निथळल्यावर भांड्यात आलं १.४५ लिटर. दातांना आणि कोपऱ्यांत चिकटून थोडं आत राहतं, पण ते पुस्तकातल्या या आकड्यात आधीच वगळलेलं असतं. म्हणजे साधारण अर्धा लिटर, पाव हिस्सा, नऊ वर्षांत बाहेर गेला होता. टॉर्च घेऊन पाहिलं तेव्हा मागच्या आउटपुट सीलखाली बोटभर जाड काळा थर सापडला. खाली डाग कधीच पडला नव्हता.

पाचव्या गिअरचा आवाज इथे उलगडला. अनेक गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर मुख्य रांगेच्या टोकाला, वेगळ्या कप्प्यात असतो. पातळी उतरली, की ऑइल आधी त्याला कमी पडतं.

मग ऑइलकडे आणि प्लगच्या चुंबकाकडे पाहिलं. चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप होता. बोटांत चोळल्यावर कण लागत नसतील, तर ती नेहमीची झीज, घाबरू नका. नखाला टोचेल असा तुकडा किंवा चकती निघाली, तर दात किंवा बेअरिंग तुटतं आहे, आणि नवं ऑइल भरून ते थांबणार नाही. माझ्या ऑइलमध्ये उन्हात धरल्यावर सोनेरी चमक दिसली. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते ऑइलमध्येच तरंगतं, आणि ती सिंक्रो रिंगची झीज असते. दुसऱ्या गिअरच्या खरखरीशी ते जुळत होतं. ऑइल दुधाळ असतं, तर आत पाणी गेलं असं समजलो असतो. करपट, जळका वास असता, तर ते फार तापलेलं. मात्र गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास नवं असतानाही येतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

चुंबक पुसून, नवा वॉशर घालून ड्रेन प्लग पुस्तकातल्या टॉर्कने आवळला. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये जोर लावून आवळलं, तर आटे जातात. काही प्लगना वॉशर नसतोच, त्यांचे आटे निमुळते असतात. ते अंगच्या जोराने आवळत राहिलं, तर हाउसिंग तडकू शकतं.

किती भरायचं

बहुतेक गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये पातळी म्हणजे फिलर भोकाची खालची कड. ऑइल तिथवर येऊन बारीक धारेने ओघळायला लागलं, की झालं. इथे गाडी समतल हवी. फक्त प्लगकडची बाजू उचललेली असेल, तर ऑइल पलीकडे सरकतं, भोक कोरडं दिसतं आणि तुम्ही गरजेपेक्षा जास्त भरता. उलट बाजू उचलली, तर कमी असतानाच ओघळतं आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो.

याला अपवाद आहेत, म्हणून लिटरचा आकडा हाताशी असावाच. काहींची पातळी भोकाच्या काही मिलिमीटर खाली ठरवलेली असते, काहींत भोक मुद्दाम उंचावर असतं आणि ऑइल मोजूनच घालायचं असतं. अशा ठिकाणी ओघळेपर्यंत भरलं, तर फार जास्त होतं. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही. गिअर ते घुसळून फेस करतात, फेस दाब सोसत नाही, तापमान चढतं, ऑइल ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर येतं. मागच्या एक्सलच्या सीलमधून आलं, तर ते थेट ब्रेकवर जातं.

मी आधी सील बदललं, ब्रीदर काढून फुंकर मारून मोकळा केला. तो बुजला असता, तर नवं सीलही दाबाने गळलं असतं. मग हातपंपाने १.८ लिटर भरून पाच मिनिटं थांबलो, कारण दाट ऑइल कप्प्याकप्प्यांत उतरायला वेळ घेतं. मग उरलेलं हळूहळू. १.९५ लिटरला धार ओघळली. पुस्तकाचा आकडा आणि भोकाची कड इतकी जवळ आली, की दोन्हीवर विश्वास ठेवता आला. ०.५ लिटरचा फरक दिसला असता, तर गाडी समतल आहे का आणि भोक तेच आहे का, हे परत तपासलं असतं.

डिफरन्शियल त्याच दिवशी, त्याच क्रमाने केलं. त्यातून १.३ लिटरपैकी १.२५ लिटर निघालं, काळं पण स्वच्छ. ज्याचं वेळापत्रक होतं आणि जे दोनदा बदललं होतं, ते सुस्थितीत होतं. जुनं ऑइल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे दिलं. गटारात किंवा मातीत ओतू नका.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गिअरची खरखर बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. थंडीत पहिल्या वेळी अजून किंचित लागते, कारण झिजलेलं पितळ ऑइलने परत येत नाही. पाचव्या गिअरचा आवाज जवळजवळ तसाच राहिला. कमी ऑइलमध्ये फिरून दातांचा पृष्ठभाग खराब झाला आहे, तो गिअरबॉक्स उघडल्याशिवाय दुरुस्त होणार नाही. ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा समतल उचलून फिलर प्लग सोडला, बोट आत घातलं. ऑइल कडेलाच होतं आणि सीलखालची जागा कोरडी होती.